सरांना पत्र पाठवण्याआधी

चि. छकुली,
अनेक आशीर्वाद.

सरांच्या निरोपसमारंभासाठी एआयकडून लिहून घेतलेलं आभारपत्र मिळालं. ताप उतरला का? अंगात कणकण असेल तर रात्रपाळी बदलून माग.

पत्रात चूक काही नाही. पण ‘आपल्या अमूल्य मार्गदर्शनामुळे माझ्या जीवनाला दिशा मिळाली’ हे वाक्य सातपूरच्या सरांना चालतं, तसं तुझ्या गाण्याच्या बाईंनाही चालेल. नुसतं नाव बदलून दुसऱ्याला पाठवता येईल असं एकेक वाक्य मी पेन्सिलीने खोडत गेले. शेवटी ‘आदरणीय सर’ आणि तुझं नाव तेवढं उरलं.

तुझ्याकडे तो शाफ्ट आहे ना! लेथवरून उतरवल्या उतरवल्या तू मायक्रोमीटर लावलास, बरोबर 50.00 मिलिमीटर. सर ‘निवू दे की जरा’ एवढंच म्हणाले आणि तुला चहाला घेऊन गेले. परत येऊन मोजलास तर 49.98. चाळीसेक अंशांनी तापलेलं एवढं पोलाद दोन शतांश मिलिमीटर फुगतं, हे तूच मला पोळ्या लाटताना समजावलं होतंस. आमच्या घरात लेथवर उभी राहिलेली तू पहिली. तो रिजेक्ट तुकडा आजीने अजून कपाटावरून हलवू दिलेला नाही.

पत्र तिथूनच सुरू कर: ‘सर, त्या दिवशी मी गरम शाफ्ट मोजून खूश झाले होते. तुम्ही रागावला नाहीत, चहा पाजलात आणि पुन्हा मोजायला लावलंत. आजही जॉब निवल्याशिवाय मी माप लिहीत नाही.’ शेवटचं वाक्य खरं असेल तरच ठेव. आभार त्यानंतर, एका ओळीत. दुसऱ्या आठवणी घालू नकोस, याच्यावरचं लक्ष उडेल.

आणि ‘एक आठवण घाल’ असं त्या एआयला सांगू नकोस. ते पावसाळी संध्याकाळ रचून देईल, आणि सर तर तिथे स्वतः हजर होते. शुद्धलेखन तपासून घेतलंस तरी नंतर स्वतः वाच. ‘निवू दे की जरा’चं ते ‘संयम बाळगा’ करून टाकतं. सर तसं कधी बोललेत का?

लागले बघ शिकवायला. रागावू नकोस. तिकडे एकटी आहेस, डबा वेळेवर येतो की नाही तेही तू सांगत नाहीस, म्हणून जीव लागून राहतो. गोळ्या उपाशीपोटी घेऊ नकोस.

पत्र हाताने लिही, अक्षर मोठं काढ. सरांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालंय. कार्यक्रम शनिवारी सकाळी आहे. शुक्रवारपर्यंत पोचलं तर बाबा सातपूरला नेऊन देतील.

तुझी,
आई