घटस्फोट झाला, दुसरं लग्न झालं, ठेवीवर नाव मात्र पहिलंच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी परभणीची. एकतीस वर्षं बँकेत नोकरी केली, त्यातली निम्मी ठेवींच्या काउंटरवर. नॉमिनेशनचे फॉर्म किती जणांकडून भरून घेतले याची गणती नाही. पण सख्ख्या धाकट्या भावाला मी कधी विचारलं नाही, की बाबा, तुझ्या कागदांवर नाव कुणाचं आहे? गेल्या वर्षी तो हार्ट अटॅकने गेला. त्यानंतर घरात जे चाललं आहे ते मांडण्यासाठी हे पत्र लिहिते आहे. मराठवाड्यात अशी घरं पुष्कळ आहेत आणि त्यांना आपल्या कपाटात काय पडलंय ते ठाऊक नाही.

भाऊ वाळूजला कंपनीत होता. २००७ला नोकरीला लागला, २००९ला पहिलं लग्न, २०११ला मुलगी. पटलं नाही. २०१६च्या ऑगस्टमध्ये कोर्टातून परस्पर संमतीने घटस्फोट झाला आणि मुलगी आईकडे राहिली. २०१८ला दुसरं लग्न, पुढे एक मुलगा. आमची आई त्याच्याकडेच असते. मागे त्याने तीन गोष्टी ठेवल्या : चार लाखांवर गेलेली एक मुदत ठेव, पाच लाखांची विमा पॉलिसी आणि साधारण सहा लाखांचा पीएफ. या तिन्हींचा रस्ता तीन दिशांना गेला.

आधी ठेवीचं सांगते. तेराव्यानंतर भावजयीने पेटीतून पावती काढून माझ्या हातात दिली. पावतीवर खाली बारीक अक्षरांत 'नॉमिनेशन रजिस्टर्ड' एवढंच छापलेलं, नाव नाही. ती म्हणाली, "वन्सं, वारस लावलेला आहे, म्हणजे काळजी नाही ना?" मलाही क्षणभर बरं वाटलं. ग्राहकाची संमती असेल तरच पावतीवर नॉमिनीचं नाव छापतात, नाहीतर नोंद आहे एवढंच येतं. शाखेत गेलो, कॉम्प्युटरवर नाव निघालं ते पहिल्या बायकोचं. ठेव २०१३च्या नोव्हेंबरात तीन वर्षांसाठी ठेवली होती आणि ती आपोआप नूतन होत गेली, २०१६, २०१९ आणि २०२२ला. तिन्ही नूतनीकरणं घटस्फोटानंतरची. आपोआप नूतनीकरणात रक्कम पुढे जाते, मुदत पुढे जाते आणि त्यांच्याबरोबर जुना नॉमिनीही पुढे जातो. मधे कुणी विचारत नाही.

आम्ही शाखेत घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची नक्कल दाखवली. 'एकमेकांच्या स्थावर-जंगम मालमत्तेवर हक्क राहणार नाही' असं कलम त्यात स्पष्ट आहे. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, कोर्टाचा मनाई हुकूम आणा, नाहीतर नॉमिनीला पैसे द्यावेच लागतील. राग आला, पण ते बरोबर बोलत होते. घटस्फोटाने बँकेतलं नॉमिनेशन आपोआप रद्द होत नाही. बँकिंग नियमन कायद्याप्रमाणे बँक नोंदीतल्या नावाला पैसे देते आणि मोकळी होते. इतरांनी पत्रं लिहिली, तक्रारी केल्या, तरी कोर्टाचा आदेश आल्याशिवाय तिला त्या मनावर घेता येत नाहीत. आम्ही वकील शोधेपर्यंत महिना गेला आणि तेवढ्यात रक्कम अदा झाली.

पैसे पहिल्या बायकोला मिळाले म्हणून ती मालक झाली असं मात्र नाही. बँकेचा नॉमिनी पैसे स्वीकारणारा असतो, वारस नसतो, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेलं आहे. हिंदू वारसा कायद्याने भावाचे वारस चार : आत्ताची बायको, मुलगी, मुलगा आणि आई. चौघांना सारखा वाटा. म्हणजे चार लाख धरले तर पहिल्या लग्नाच्या मुलीचा एक लाख आहेच, आणि तिची पालक म्हणून तो तिच्या आईकडे राहणं योग्यच. बाकीच्या तीन लाखांसाठी आम्हाला दिवाणी दावा लावावा लागला. हुकूमनाम्यातलं ते कलम आता तिथे उपयोगाला येईल. बँकेच्या काउंटरवर त्याची किंमत शून्य होती.

पीएफचं उलटं झालं. नोकरीला लागताना, लग्नाआधी, त्याने फॉर्म २वर आईचं नाव लिहिलं होतं. आईला ते माहीत होतं. ती बिचारी सांगायची, पीएफ माझ्या नावावर आहे, मी नातवाला देईन. पीएफ कार्यालयाने ते नॉमिनेशन बाजूला ठेवलं. १९५२च्या पीएफ योजनेत परिच्छेद ६१ आहे. लग्न झालं की सभासदाने नवं नॉमिनेशन करायचं आणि लग्नाआधीचं बाद समजायचं, असं त्यात लिहिलेलं आहे. बँकेत जुनं नाव मरेपर्यंत जिवंत राहतं आणि पीएफमध्ये लग्नाच्या दिवशीच मरतं, एवढा हा फरक. आई मला म्हणाली, "माझं नाव होतं ना गं त्याच्यावर? मग कुणी खोडलं?" कुणी खोडलं नव्हतं. पण हे तिला समजावून सांगताना मलाच रडू आलं, कारण तिला वाटत होतं की सुनेने काहीतरी केलं.

वैध नॉमिनेशन नसलं की पीएफची रक्कम योजनेच्या व्याख्येत बसणाऱ्या कुटुंबात सारखी वाटली जाते. आमच्याकडे पत्नी, दोन्ही अल्पवयीन मुलं आणि भावावर अवलंबून असलेली आई असे चौघे, दीड-दीड लाख. सज्ञान मुलगा असता तर त्याला या वाटणीत हिस्सा मिळाला नसता, आणि नवरा हयात असलेल्या विवाहित मुलीलाही नाही. पेन्शन पत्नीला आणि दोन्ही मुलांना, मुलांना वयाच्या २५ वर्षांपर्यंत. पहिल्या लग्नाची मुलगी इथेही बरोबरीची हक्कदार आहे. आमच्याच नात्यात काहींना हे रुचलं नाही. मी त्यांना सांगितलं, घटस्फोट नवरा-बायकोचा होतो, बापलेकीचा होत नाही.

विम्याचं घोंगडं अजून भिजत पडलंय. पॉलिसीवर पहिल्या बायकोचं नाव, नात्याच्या रकान्यात 'पत्नी'. पूर्वी विम्याचा नॉमिनीही नुसता स्वीकारणारा मानला जायचा. २०१५च्या दुरुस्तीनंतर नॉमिनी आई-वडील, पती-पत्नी किंवा मुलं यांपैकी असेल तर ती रक्कम त्याच्या स्वतःच्या हक्काची ठरते. मग जी नाव लावताना पत्नी होती आणि मृत्यूच्या दिवशी नव्हती, तिला पत्नी म्हणायचं का? यावरच दोन्ही वकील भांडत आहेत. आम्ही वेळेत लेखी हरकत घेतली म्हणून कंपनीने रक्कम रोखली आहे आणि कोर्टाचा आदेश मागितला आहे. भावाने शाखेत एक अर्ज देऊन नाव बदललं असतं, तर हा वाद जन्मालाच आला नसता.

पहिल्या बायकोला मी दोष देत नाही. तिला बँकेचं पत्र आलं, ती गेली, तिने सही केली.

आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे खेड्यापाड्यांत अजून चार माणसं बसवून स्टॅम्प पेपरवर फारकत लिहितात आणि काडीमोड झाली म्हणतात. काउंटरवर असे कागद मी कितीदा पाहिले आहेत. त्या समाजात तशी रूढी असल्याचं कोर्टात सिद्ध करता आलं तर गोष्ट वेगळी, एरवी हिंदू विवाह कायद्याने असल्या कागदाने लग्न मोडत नाही. मग दुसरं लग्न कायद्याने लग्नच ठरत नाही. पंधरा-वीस वर्षं संसार केलेली बाई ना वारस, ना पीएफच्या व्याख्येतली पत्नी, ना विधवा पेन्शनची हक्कदार. पीएफला तिचं नाव लावलं असलं तरी ते टिकत नाही, कारण कुटुंब असलेल्या सभासदाला कुटुंबाबाहेरचं नाव लावताच येत नाही. तिच्या मुलांचे हक्क कायदा मानतो, तिचे मानत नाही. अशा घरातल्या माणसाने आधी कोर्टातून रीतसर घटस्फोट घ्यावा, त्यानंतर लग्न नोंदवावं आणि मग नावं बदलावीत. हा क्रम उलटा करून चालत नाही.

आता करायचं काय ते सांगते. बँकेत नॉमिनेशन रद्द करायला आणि बदलायला वेगवेगळे फॉर्म आहेत. बचत खात्यावर नाव बदललं म्हणजे ठेवींवर बदललं असं समजू नका, प्रत्येक पावतीचं वेगळं विचारा. लॉकरचे फॉर्म वेगळे असतात. पोच घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका आणि पावतीवर नॉमिनीचं नाव छापून मागा. १ नोव्हेंबर २०२५पासून ठेवींना चार नॉमिनी लावता येतात, प्रत्येकाचा टक्का लिहून. दोन्ही लग्नांची मुलं असलेल्या घरांना याचा मोठा उपयोग आहे. विम्यात आधी पॉलिसी नीट वाचा. विवाहित स्त्रियांच्या मालमत्तेच्या १८७४च्या कायद्याखाली ती बायको-मुलांच्या नावे घेतलेली असेल, तर साध्या अर्जाने नाव बदलत नाही.

पीएफसाठी सभासदाच्या पोर्टलवर `Manage` मध्ये `E-Nomination` आहे. तिथे कुटुंबाची माहिती आणि वाटे भरून झाले की आधारच्या ओटीपीने ई-सही करावी लागते. बरेच जण माहिती भरून थांबतात. सही राहिली तर नॉमिनेशन झालेलंच नसतं. आधारला जुना, बंद पडलेला मोबाइल नंबर जोडलेला असला की ओटीपी येत नाही आणि काम तिथेच अडतं, म्हणून आधी नंबर बदलून घ्या.

बँकांकडे माझं एक मागणं आहे, आणि ते मी तिथे आयुष्य घालवलं म्हणून हक्काने करते. ठेव आपोआप नूतन झाल्याचा जो संदेश मोबाइलवर येतो, त्यात संमती घेऊन नॉमिनीचं नाव टाका. माझ्या भावाला असा संदेश २०१६ला, २०१९ला आणि २०२२ला आला असेल. त्यात ते नाव दिसलं असतं, तर तो दुसऱ्याच दिवशी शाखेत गेला असता.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी, परभणी