उतरलेला ताप परत चढला तर

संपादक महोदय,

फ्लूचा ताप साधारण तीन-चार दिवसांत उतरतो. खोकला आणि अशक्तपणा मात्र पुढे रेंगाळतो. माझ्या ४८ वर्षांच्या मेहुण्यांचा ताप चौथ्या दिवशी उतरला आणि आम्ही निर्धास्त झालो. सहाव्या रात्री थंडी वाजून तो परत चढला, खोकल्यातून पिवळट कफ पडू लागला. ‘फ्लूच उलटलाय’ म्हणत आम्ही सकाळपर्यंत थांबलो. चूक तिथेच झाली. फ्लूने श्वासनलिकेचे आतले अस्तर दुखावले होते, त्या वाटेने जिवाणू फुप्फुसात शिरून न्यूमोनिया झाला होता. सकाळी चार पायऱ्या चढताच त्यांना धाप लागली, एक वाक्य सलग बोलवेना.

बरे वाटून पुन्हा बिघडणे, ही खूण सहज निसटते. बसल्या जागी धाप, छातीत सतत दुखणे, असंबद्ध बोलणे, जागे करूनही न जाणारी झापड, लघवी जवळपास बंद होणे, यांपैकी काहीही दिसले तर तडक रुग्णालय गाठावे. पॅरासिटामॉलने ताप उतरला तरी धाप तशीच राहते, म्हणून थर्मामीटरइतकेच श्वासाकडेही पाहावे. गरोदर स्त्रिया, वृद्ध, दमा वा मधुमेहाचे रुग्ण यांनी तर या खुणांचीही वाट न पाहता डॉक्टरांकडे जावे. विषाणूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत जास्त लागू पडते.

– एक वाचक