अर्धविरामाचा खून

संपादक महोदय,
स. न.

‘अर्धविराम आता विसरा, स्वल्पविराम किंवा डॅश पुरे’ हा कालच्या पुरवणीतला सल्ला वाचला. आपल्या कचेरीत त्याची अंमलबजावणी आधीच झाली आहे, याचा मी साक्षीदार आहे.

गेल्या महिन्यात आमच्या वाचनालयाबद्दल मी आपल्याला पत्र लिहिले होते. त्यातले मूळ वाक्य असे: ‘वाचनालय सकाळी बंद असते; सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळीही कोणी नसते.’ छापून आले ते असे: ‘वाचनालय सकाळी बंद असते, सुट्टीच्या दिवशी, संध्याकाळीही कोणी नसते.’ दुसऱ्याच दिवशी ग्रंथपालांनी मला भर रस्त्यात गाठले. ‘काका, सुट्टीच्या दिवशी सकाळी बंद असणारच की! त्यात तक्रार कसली?’ रोज सकाळी कुलूप असते, ही माझी मूळ तक्रार आपल्या एका टिंबासाठी गेली.

मराठीत क्रियापद शेवटी येते, त्यामुळे ‘असते’ वाचले की वाक्य संपले हे कळतेच, मग चिन्ह कोणते का असेना, असे लेखकाला वाटत असावे. पण आपण बोलताना क्रियापदानंतरही शेपूट जोडतो. ‘येतो मी, उद्या सकाळी.’ म्हणून दोन पूर्ण विधानांमध्ये नुसता स्वल्पविराम असला की मधले शब्द मागच्याचे की पुढच्याचे, ते कळत नाही.

तिथे पूर्णविराम चालतो का, ते आधी पाहावे. चालत असेल आणि ‘पण’, ‘म्हणून’ असे काही मध्ये नसेल, तर स्वल्पविराम अपुरा पडतो. दोन्ही विधाने तोलामोलाची असतील, तर अर्धविराम. डॅशचे काम वेगळे. पुढचे विधान मागच्याचा उलगडा करते किंवा त्याला कलाटणी देते, तिथे तो शोभतो: ‘कुलूप उघडले – आत पुस्तकेच नव्हती.’ माझ्या वाक्यात उलगडा नव्हता, कलाटणीही नव्हती. एका तक्रारीशेजारी दुसरी होती.

‘वीज गेली, पंखा थांबला, डास आले’ इथे मात्र स्वल्पविरामच हवा. छोट्या, एकामागून एक घडणाऱ्या गोष्टी आहेत, तिथे अर्धविराम घालणारा माणूस माझ्याहून खडूस म्हणायचा.

आणि डॅशच द्यायचा, तर तो डॅश तरी असू द्या. काल त्या लेखातच सगळीकडे ‘आई-वडील’मधले आखूड संयोगचिन्ह होते, तेही दोन्हीकडच्या शब्दांना चिकटवलेले. मी बत्तीस वर्षे मुद्रिते तपासली. एवढ्यावरून आमच्या वेळी पान परत यायचे.

मंगळवारच्या शब्दकोड्याचे उत्तरही अजून आलेले नाही. आडवे ७ काय आहे?

हे पत्र छापलेत, तर त्यातले अर्धविराम कृपया मोजून घ्यावेत.

आपला,
एक निवृत्त मुद्रितशोधक, सांगली