लेखणी की लॅपटॉप: तो प्रयोग व्याख्यानावरचा नव्हताच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतला 'लॅपटॉपमुळे स्मरणशक्तीचा ऱ्हास' हा लेख वाचला. एरवी मी पत्र लिहिले नसते. पण आज सकाळी कॉलेजात पोचले तर त्याच लेखाचे कात्रण आमच्या विभागाच्या फलकावर टाचणीने लावलेले होते आणि त्याखाली सूचना होती: सोमवारपासून वर्गात लॅपटॉप बंद, नोट्स फक्त वहीत. तुमच्या मथळ्याचा एका दिवसात नियम झाला, म्हणून हे लिहावे लागते आहे.

लेखाचा सगळा भार नॉर्वेतल्या २०२४ च्या मेंदूलहरींच्या अभ्यासावर आहे. तो अभ्यास खरा आहे आणि चांगलाही आहे. पण त्यात काय केले होते, ते तुमच्या लेखकाने सांगितलेच नाही. ३६ विद्यार्थ्यांना पडद्यावर एकेक सुटा शब्द दाखवला. तो कधी डिजिटल पेनाने टचस्क्रीनवर लिहायचा होता, तर कधी कीबोर्डवर टाइप करायचा होता, तोही उजव्या हाताच्या फक्त तर्जनीने. डोक्यावरच्या इलेक्ट्रोडच्या जाळीतून त्या वेळच्या मेंदूलहरी नोंदवल्या. हाताने लिहिताना मेंदूचे वेगवेगळे भाग एकमेकांशी अधिक जोडलेले दिसले. बस्स. कोणी व्याख्यान दिले नाही, कोणी नोट्स काढल्या नाहीत, आणि 'काय आठवते सांगा' असे कोणी विचारलेही नाही. एका बोटाने एक शब्द टाइप करणे आणि तासभर व्याख्यान ऐकत टिपणे काढणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यावरून दुसऱ्याबद्दल 'शास्त्राने सिद्ध केले' असे छापता येत नाही.

व्याख्यानावरचा जो प्रयोग खरोखर झाला, तो लेखात नुसता नावापुरता येतो. पॅम म्युलर आणि डॅनियल ओपेनहायमर यांचा तो २०१४ चा शोधनिबंध. विद्यार्थ्यांना साधारण पंधरा मिनिटांची भाषणे दाखवली, मध्ये अर्धा तास दुसऱ्या कामांत गुंतवले आणि मग प्रश्न विचारले. लॅपटॉपवाल्यांनी सरासरी ३१० शब्द टिपले, हाताने लिहिणाऱ्यांनी १७३. तपशिलाच्या प्रश्नांत दोघे बरोबरीचे ठरले, संकल्पनेच्या प्रश्नांत हाताने लिहिणारे पुढे गेले. कारण असे मांडले की टाइप करणाऱ्याचा हात बोलणाऱ्याचा वेग बऱ्यापैकी गाठू शकतो, म्हणून तो वाक्येच्या वाक्ये जशीच्या तशी उतरवतो. हाताला तो वेग झेपत नाही, त्यामुळे काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे ऐकतानाच ठरवावे लागते, आणि समजून घेण्याचे अर्धे काम तिथेच होते.

ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे. मी सांख्यिकी शिकवते. मागच्या वर्षी चाचणीच्या निदानाबद्दल एक तास घेतला होता. फळ्यावर उदाहरण होते: हजार माणसे, त्यांत दहा आजारी. चाचणी दहापैकी नऊ आजाऱ्यांना पकडते, पण निरोगी माणसांतल्या पाच टक्क्यांनाही चुकून पॉझिटिव्ह ठरवते. निरोगी ९९०, म्हणजे खोटे पॉझिटिव्ह सुमारे पन्नास. एकूण पॉझिटिव्ह ५९, त्यांत खरे आजारी नऊ. म्हणजे चाचणी पॉझिटिव्ह आलेला माणूस खरोखर आजारी असण्याची शक्यता जेमतेम पंधरा टक्के.

तास संपल्यावर दोघांच्या नोट्स मागून घेतल्या. एका मुलाची लॅपटॉपवरची फाइल अडीच पानांची होती. त्यात माझे प्रत्येक वाक्य होते, अगदी 'थांबा, हा आकडा पुसते' हेसुद्धा. फळ्यावर मी हजारातून दोन फांद्या आणि त्यांतून चार अशी आकृती काढली होती, ती मात्र फाइलमध्ये नव्हती, कारण कीबोर्डवर ती चटकन काढता येत नाही. एका मुलीच्या वहीत जेमतेम अर्धे पान होते. फांद्यांची आकृती, त्यात पन्नासच्या जागी चुकून पंचावन्न, आणि शेजारी बाण काढून लिहिलेले: 'आजारी थोडे, म्हणून खोटे पॉझिटिव्ह भारी पडतात!' हे वाक्य मी वर्गात बोललेच नव्हते. ते तिचे तिला सुचले होते.

आठवड्याने तोच प्रश्न आकडे बदलून दिला. चाचणी तीच, पण हजारात तीनशे आजारी. मुलाने उत्तर लिहिले, पंधरा टक्के. त्याच्या फाइलमध्ये 'पॉझिटिव्ह म्हणजे पंधरा टक्के' असेच तर होते. मुलीने पुन्हा फांद्या काढल्या: खरे पॉझिटिव्ह २७०, सातशे निरोग्यांतले खोटे ३५, म्हणून ३०५ पैकी २७०, सुमारे ८८ टक्के. आदल्या वेळची पंचावन्नची चूक तिला कुठेही आडवी आली नाही, कारण तिने आकडा लक्षात ठेवला नव्हता, वाट लक्षात ठेवली होती.

इथवर वाचून तुमचे लेखक म्हणतील, मग आमचेच खरे की. नाही. त्याच महिन्यात वेळ कमी पडला म्हणून मी संवेदनशीलता, म्हणजे चाचणी आजाऱ्यांपैकी किती जणांना पकडते, आणि विशिष्टता, म्हणजे निरोग्यांपैकी किती जणांना निरोगीच ठरवते, यांच्या व्याख्या सावकाश सांगून उतरवून दिल्या. सगळ्या वह्यांत अक्षर न् अक्षर सारखे आले, त्या मुलीच्याही. पुढच्या तासाला दोन्हींतला फरक विचारला, तर तिने व्याख्या घडाघडा म्हटली आणि उदाहरणाला अडली. वही तीच, पेन तेच. मी शब्दशः उतरवायला लावले आणि हाताने लिहिण्याचा सगळा फायदा माझ्याच हातून गेला. तेव्हापासून मी नोट्स सांगून उतरवून देणे कायमचे बंद केले. ज्यांच्या तासाला पहिल्या मिनिटापासून 'लिहा' अशी सुरुवात होते, अशा शिक्षकांनी लॅपटॉपला दोष देण्याआधी याचा विचार करावा, अशी माझी मनापासून विनंती आहे. फलकावर सूचना लावणाऱ्यांनाही.

आणि तो लॅपटॉपवाला मुलगा? त्याला मी एवढेच सांगितले की रोज संध्याकाळी फाइल न उघडता आठवेल ते पाच ओळींत लिही, मग फाइल उघडून काय सुटले ते बघ आणि बाकीचे कापून टाक. फाइली अडीच पानांवरून पाऊण पानावर आल्या. महिनाभरात त्याची उत्तरे सुधारली. निवड करण्याचे जे काम मुलगी वर्गात बसल्या बसल्या करत होती, ते तो संध्याकाळी करू लागला होता. दोन विद्यार्थ्यांवरून काही सिद्ध होत नाही, हे मीच वर्गात शिकवते. पण लॅपटॉपने मेंदू बधिर होतो म्हणणाऱ्याला या मुलाचे काय ते सांगावे लागेल.

नुसते 'शब्दशः लिहू नका' सांगून भागत नाही, हेही नोंदवते. म्युलर-ओपेनहायमर यांनी दुसऱ्या प्रयोगात लॅपटॉपवाल्यांना तसे बजावून पाहिले होते, तरी ते शब्दशःच लिहीत राहिले. काम वेगळे द्यावे लागते, उपदेश पुरत नाही.

पुढची गोष्ट लेखात अजिबात नाही, आणि तिचाच मला सर्वांत जास्त राग आला. २०२१ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी २०१४ चा पहिला प्रयोग जसाच्या तसा पुन्हा केला. लॅपटॉपवाले जास्त लिहितात, शब्दशः लिहितात, हे पुन्हा दिसले. गुणांतला फरक मात्र दिसला नाही. मग २०२४ मध्ये २४ अभ्यास एकत्र करून विश्लेषण झाले, ते हाताने लिहिणाऱ्यांच्या बाजूने झुकले, विशेषतः नोट्स नंतर वाचून परीक्षा दिली तर. पण फरक किती? साध्या भाषेत सांगायचे, तर हाताने लिहिणारा एक आणि टाइप करणारा एक अशा जोड्या लावल्या, तर शंभरातल्या साधारण ५७ जोड्यांत हाताने लिहिणारा पुढे असेल आणि ४३ मध्ये टाइप करणारा. हा फरक खरा आहे. मी स्वतः विद्यार्थ्यांना वही वापरा असेच सांगते. पण ५७ विरुद्ध ४३ याला 'ऱ्हास' म्हणत नाहीत, आणि त्यावरून सक्ती करत नाहीत.

वर्गातल्या लॅपटॉपबद्दल काळजीच करायची, तर ती शेजाऱ्याची करा. २०१३ च्या एका प्रयोगात व्याख्यान ऐकताना लॅपटॉपवर दुसरीच कामे करणाऱ्यांना कमी गुण पडले, आणि ज्यांना त्यांचे पडदे दिसत होते, पण जे स्वतः नीट नोट्स काढत होते, त्यांचे गुण १७ टक्क्यांनी खाली गेले. लॅपटॉपवाल्यांना मागच्या रांगेत बसवले की हा प्रश्न बराचसा सुटतो. त्यासाठी बंदी लागत नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते सांगते. माझ्या वर्गात एक मुलगी आहे, तिचे हात थरथरतात. शाळेपासून ती टाइप करत आली आहे आणि तिच्या नोट्स वर्गातल्या पहिल्या तीन-चारांत मोडतात. आज सूचना वाचून तिने विचारले, तेव्हा तिला सगळ्यांसमोर सांगण्यात आले की डॉक्टरांचे प्रमाणपत्र आणा, मग बघू. सोमवारची वाट न पाहता आजच्या तासाला तिने वही उघडली. तासानंतर मी ती पाहिली. पन्नास मिनिटांत चार ओळी, त्यांतली शेवटची अर्धवट, आणि पेन दाबून धरल्यामुळे कागद दोन ठिकाणी फाटलेला. पुढचे ती नुसती ऐकत बसली होती.

त्या ३६ विद्यार्थ्यांनी प्रत्यक्षात काय केले होते, एवढे तरी छापा. शक्य असेल तर त्याच पानावर आणि तेवढ्याच टाइपात. ते कात्रण मी स्वतः कापून त्याच फलकावर लावीन.

आपली,
सांख्यिकीची एक शिक्षिका