बाबूजींची गाडी अन् ओला प्लग

राळेगाव, जि. यवतमाळ

प्रिय सुध्या,

परवा तू फोनवर सांगितलंस ना, की बाबूजींची गाडी चाळीस किका मारूनही लागली नाही, शेवटी बंडीत टाकून मेकॅनिककडे न्यावी लागली आणि त्यानं दुसऱ्याच किकेला चालू केली, तेव्हापासून माझ्या डोक्यात तेच घोळतंय. तुला वाटतंय त्याच्या हातात काही तरी कसब आहे. असेलही, पण बंडीतल्या त्या तासाभरात सिलिंडरमधलं जास्तीचं पेट्रोल आपसूक उडून गेलं होतं, हे तुला कोणी सांगितलेलं दिसत नाही. तू घरीच बाजेवर बसून दोनदा चहा घेतला असतास तरी बहुतेक गाडी लागली असती. तुझी गाडी बिघडली नव्हती, ओव्हर झाली होती.

मला हे कसं कळलं ते सांगतो. गेल्या पौषात आईला वर्ध्याला डॉक्टरकडे न्यायचं होतं. पहाटे साडेपाचला घरून निघून पहिली एसटी गाठायची होती. आपल्याकडची पौषातली पहाट तुला ठाऊक आहे, टाकीवर हात ठेववत नाही. माझी गाडी 2009 ची, शंभर सीसी, चोकवाली. चोक पूर्ण ओढला आणि किका सुरू केल्या. चौथ्या किकेला इंजिननं एकदा 'फुर्र' केलं आणि बंद पडलं. खरं तर तिथंच चोक अर्धा आत ढकलायचा असतो. मी तसाच ठेवला, आणि एसटी चुकेल या घाईत आणखी वीस-पंचवीस किका हाणल्या.

चोक ओढला की हवेची वाट अडते, म्हणून प्रत्येक किकेबरोबर हवा कमी आणि पेट्रोल जास्त आत जातं. थंडीत त्या पेट्रोलची नीट वाफ होत नाही, थेंबच राहतात. ते सिलिंडरच्या भिंतीवर आणि प्लगच्या टोकावर बसतात. ओल्या, काजळी धरलेल्या प्लगवरून करंट ठिणगी न पाडताच गळून जातो. ठिणगी पडली तरी उपयोग नाही, कारण हवेत पेट्रोलची वाफ साधारण दीड ते साडेसात टक्के असली तरच ती पेट घेते. त्याहून जास्त झाली की पेट्रोल असूनही पेटत नाही. मग आपल्याला वाटतं पेट्रोल पोचत नाही, आणि आपण अजून किका मारतो.

सायलेन्सरजवळ पेट्रोलचा उग्र वास यायला लागला. किकही मऊ पडली, पायाला आधी लागत होता तो जोर लागेना. भिंतीवरचं ऑइल पेट्रोलनं धुतलं की कॉम्प्रेशन असं ढिलं होतं. एवढ्यात शेजारचे भगवानकाका अंगावर घोंगडी घेऊन बाहेर आले. आयुष्यभर विहिरीवरची इंजिनं दुरुस्त केलेला माणूस.

"काहून रे, गाडीले पेट्रोल पाजून रायला का?"

मी म्हटलं, काका, एसटी जाईल.

"जाऊ दे. कॉक बंद कर, चोक बंद कर, अन् रेस पुरी ओढून मार."

तुला हे उलटं वाटेल, मलाही वाटलं. ओव्हर झालेल्या गाडीला वर रेस कशाला? पण रेस ओढली म्हणजे काही पेट्रोल आपोआप ओतलं जात नाही, कार्बोरेटरचं तोंड पूर्ण उघडतं. किकेच्या हळू वेगात त्या मोठ्या तोंडातून हवा सहज येते, पेट्रोल सोडणाऱ्या जेटवर ओढ फारशी बसत नाही, म्हणून आत मुख्यतः हवाच जाते आणि साठलेलं पेट्रोल बाहेर ढकलत जाते. चावी चालू ठेवायची, रेस पूर्ण धरायची आणि आठ-दहा दमदार किका मारायच्या. मधे रेस सोडायची नाही, उघड-बंद करायची नाही. मात्र इंजिन लागलं की त्याच क्षणी रेस सोडायची, नाही तर ते रिकाम्या पोटी किंचाळतं.

बहुतेक वेळा एवढ्यावर काम होतं. माझं झालं नाही, मी जरा जास्तच पाजलं होतं. काकांनी चावी बंद करून काढून घ्यायला लावली. मग प्लगभोवतीची माती फुंकून काढली, कारण प्लग निघताच ती सरळ सिलिंडरमध्ये पडते. टोपी वायरला न ओढता टोपीलाच धरून काढली. पान्यानं प्लग काढून हातात घेतला. टोक काळं, ओलं, आणि वाकड्या पत्तीखाली पेट्रोलचा एक थेंब लोंबत होता. मी तो सुकवायला शेकोटीकडे निघालो, तर काका ओरडलेच. पेट्रोलनं भिजलेली वस्तू आगीजवळ नेऊ नये हे तर झालंच, पण एकदम तापल्यानं आतली पांढरी चिनीमाती तडकू शकते. स्वच्छ कोरड्या फडक्यानं पुसायचा, फुंकायचा, वाऱ्यावर ठेवायचा. बस.

प्लग बाहेर असताना, चावी बंदच ठेवून, आणखी दहाएक किका मारल्या. छिद्रातून पेट्रोलची फवार निघते, तोंड बाजूला ठेव. याच ठिकाणी मी दोन वर्षांपूर्वी शहाणपणा केला होता: करंट पाहायला प्लग टोपीत घालून छिद्राजवळच हेडला टेकवला आणि चावी चालू करून किक मारली. 'भप्प' झालं, मनगटावरचे केस गेले. करंट पाहायचाच असेल तर आधी ही वाफ विरू दे आणि प्लग छिद्रापासून लांब टेकव.

पाच मिनिटं छिद्र उघडं ठेवलं. प्लग आधी बोटांनीच फिरवून बसवला. आटे चुकले तर हेडच खराब होतं. मग पान्यानं नुसता आवळला, अंगावर चढून नाही. कॉक चालू, चोक बंद, रेस जरा उघडी. तिसऱ्या किकेला गाडी लागली, मिनिटभर काळा धूर सोडला आणि सुरळीत झाली. पहिली एसटी गेली होती, सातची मिळाली. आई वाटेत एक शब्द बोलली नाही.

आता बाबूजींच्या गाडीचं. पुन्हा अडली तर आधी प्लग काढून बघ. कोरडा असेल तर पेट्रोल पोचत नाहीये, हा सगळा उपाय तिथे लागू नाही; कॉक आणि कार्बोरेटर बघ. ओला असेल तर वरचं सगळं कर. पण चोक न ओढताही दर दोन दिवसांनी ओला निघत असेल, तर दोष तुझ्या किकेत नाही. अंगणात गाडी उभी करून कॉक चालू ठेव आणि कार्बोरेटरच्या खालच्या नळीखाली पुठ्ठा सरकव. अर्ध्या तासात थेंब पडले तर कार्बोरेटरमध्ये येणारं पेट्रोल थांबवणारी फ्लोटची सुई बसत नाहीये, तिथे कचरा असेल किंवा ती झिजली असेल. मग इंजिनचं ऑइल काठीवर घेऊन हुंग. पेट्रोलचा वास आला किंवा पातळी वर चढलेली दिसली, तर ऑइल बदलल्याशिवाय गाडी चालवू नको. पातळ ऑइलवर इंजिन घासून जाईल. तोवर रात्री कॉक बंद करत जा.

तुझ्या पुण्याच्या नव्या गाडीला यातलं काही लावू नको. ती इंजेक्शनची, तिला कॉकही नाही आणि चोकही नाही.

तुरीच्या सोंगणीला येशील तेव्हा त्या गाडीचा नवीन प्लग घेऊन ये, दुकानात जुना दाखवून तसाच माग. आपण अंगणात बसून फ्लोटची सुई बघू. काकांनाही बोलावतो, पण शिव्या खायची तयारी ठेव.

बाबूजींना आणि काकूंना नमस्कार.

तुझा,
विन्या