संतोषच्या नावावर जमीन घेण्याआधी

चि. निखिल यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, सौदा ठरलाय. 24 लाख माझे, नाव संतोषचं. मामाकडचा सातबारा आहेच त्याच्या नावावर, तो शेतकरी आहे, आपण नाही." मी गप्प राहिले, कारण वहिनी शेजारीच तांदूळ निवडत बसल्या होत्या. म्हणून आज लिहिते आहे.

तुझी अडचण कळते. आपल्याकडे शेतकरी नसलेल्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माहेरच्या जमिनीवरचा हक्क मी लग्नानंतर भावाला सोडून दिला, तेव्हा आपला तोही धागा तुटला. पण त्यावर तू काढलेली वाट म्हणजे सरळसरळ बेनामी व्यवहार आहे. पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि उपभोग पैसे देणाऱ्याचा, एवढं जुळलं की झालं. काळा पैसाच लागतो असं नाही. तुझ्या पगारातले, कर भरलेले 24 लाख असले तरी चित्र बदलत नाही.

तू म्हणशील, आपला फ्लॅट बाबांनी माझ्या नावावर घेतला, तो नाही का बेनामी? नाही. बायको किंवा मुलांच्या नावावर, स्वतःच्या उघड उत्पन्नातून घेतलेली मालमत्ता कायद्याने वगळली आहे. सख्खा भाऊ, बहीण, आई, वडील यांच्या बाबतीतही सवलत आहे, पण कागदावर दोघांची नावं लागतात. मामेभाऊ या यादीत कुठेच बसत नाही. आणि सातबाऱ्यावर तुझं नाव लागू शकत नाही, म्हणून तर संतोष हवा आहे.

दुय्यम निबंधक कार्यालयात 29 वर्षं काढली, त्यातला एक माणूस अजून डोळ्यांसमोर आहे. मुंबईचे गृहस्थ, हातात काळ्या कव्हरची वही. वहीत तारखांसह रकमा, कुंपणाचा खर्च, बोअरवेल, आंब्याची कलमं. सगळं त्यांनी केलेलं, खरेदीखत मात्र राखणदाराच्या नावाचं. राखणदार वारला, वारस नोंदीचा फेरफार झाला, आणि त्याच्या मुलांनी फाटकाला नवं कुलूप लावलं. वकिलाने त्यांना एकच सांगितलं: मी खरा मालक, असं म्हणून बेनामीदारावर दावा लावता येत नाही. ही तरतूद 1988 पासूनच आहे.

तेव्हा निदान सरकार मागे लागत नसे. 1988 च्या कायद्यात जप्तीची यंत्रणा कागदावरच राहिली होती. 1 नोव्हेंबर 2016 पासून दुरुस्ती लागू झाली आणि आयकर खात्याचे अधिकारी हे काम बघू लागले. आधी नोटीस संतोषला येईल, प्रत तुला. 24 लाख कुठून आले, याचं उत्तर त्याच्या भातशेतीतून निघणार नाही. तुझ्या खात्यातून गेलेली रक्कम मात्र बँकेत दिसेलच. मग तात्पुरती टाच, निर्णय प्राधिकरणापुढे सुनावणी, आणि बेनामी ठरली तर जमीन सरकारजमा, एक रुपयाही भरपाई न देता. अपील आहे, पण तोवर वर्षं जातात. शिवाय गुन्हा सिद्ध झाला तर एक ते सात वर्षं सक्तमजुरी आणि बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. म्हणजे 24 लाखांच्या जमिनीवर सहा लाखांपर्यंत. तुला आणि संतोषलाही.

बॉण्डपेपरवर "जमीन खरी निखिलची" असं लिहून घेऊ, असंही तू म्हणालास. अरे, तो कागद तुझ्याच विरुद्ध पुरावा होईल! आणि पुढे घाबरून संतोषकडून जमीन आपल्या नावावर परत करून घ्यायची म्हटलीस, तर बेनामीदाराने खऱ्या मालकाला असं हस्तांतर करण्यालाच मनाई आहे. केलंच तर ते रद्दबातल.

आणखी एक. ऑक्टोबर 2024 पासून अशी सोय आहे की बेनामीदाराने सगळं खरं सांगितलं, तर त्याला शिक्षेतून माफी मिळू शकते. पैसे देणाऱ्याला ती माफी नाही. संतोष गुणी मुलगा आहे, मी त्याला अंगाखांद्यावर खेळवलंय. पण त्याच्या दारात नोटीस आली, बायकामुलं रडायला लागली, तर त्याने काय करावं, तूच सांग. तू त्याच्या जागी असतास तर?

बयाणा दिला नसशील तर थांबव. गावठाणालगत बिनशेती प्लॉट निघतात, लहान असतात पण स्वतःच्या नावावर होतात. सातबाऱ्यावर शेतीचाच मोह असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी मागता येते का ते वकिलाला विचार. वहिनींना मी अजून काही सांगितलेलं नाही. संतोषला तूच फोन कर, दुसऱ्या कुणाकडून कळायला नको.

तुझी,
आई