रद्द केलेला प्लॅन एका बटणाने पुन्हा सुरू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ऑनलाइन साठवण सेवेचा सशुल्क प्लॅन मी 2 मार्चला रद्द केला. 17 मार्चला त्याच प्लॅनचे पुढच्या संपूर्ण वर्षाचे पैसे माझ्या कार्डावरून वळते झाले. ते परत मिळावेत म्हणून गेले सहा आठवडे मी कंपनीशी पत्रव्यवहार करते आहे. वाद अजून मिटलेला नाही, म्हणून कंपनीचे नाव देत नाही. पण हे घडले कसे ते सविस्तर सांगणे मला गरजेचे वाटते, कारण मला स्वतःला ते कळायला महिना लागला.

प्लॅन रद्द करताना मला चार पडदे ओलांडावे लागले. पहिल्यावर कारण विचारले. दुसऱ्यावर सवलत देऊ केली. तिसऱ्यावर फायलींबद्दल इशारा होता आणि चौथ्यावर पासवर्ड पुन्हा टाकायचा होता. त्यानंतर लगेच ईमेल आला की प्लॅन 17 मार्चपर्यंत चालू राहील आणि नंतर पैसे आकारले जाणार नाहीत. हा ईमेल मी जपून ठेवला आणि निश्चिंत झाले.

आता खरे काम होते ते फायली उतरवून घेण्याचे. सशुल्क प्लॅन संपला की खाते मोफत मर्यादेवर येते. त्या मर्यादेपेक्षा जास्त साठा असेल तर नवीन काही चढवता येत नाही, फोन आणि संगणकातला मेळ थांबतो, आणि ठरावीक मुदतीनंतर फायली काढून टाकण्याचा हक्क कंपनीने अटींमध्ये राखून ठेवलेला असतो. माझ्या खात्यात 340 जीबी होते. अकरा वर्षांचे फोटो, आणि वडिलांच्या हस्ताक्षरातली कागदपत्रे, जी मी एकेक करून स्कॅन केली होती. एवढा साठा 50 एमबीपीएसच्या जोडणीवर अखंड उतरवला तरी पंधरा तास लागतात, आणि तो अखंड उतरतच नाही. कंपनी सगळे दोन-दोन जीबीच्या झिप फायलींत बांधून देते. माझ्या अशा 170 फायली झाल्या. त्यांच्या दुव्यांची मुदत सात दिवसांची होती. पहिल्या खेपेला साठ-सत्तर फायली उतरल्या आणि मुदत संपली, त्यामुळे सगळी मागणी पुन्हा नोंदवावी लागली.

या दुसऱ्या खेपेत, 14 मार्चला सकाळी मी खाते उघडले तेव्हा पडद्यावर मधोमध एक चौकट आली. "तुमचा प्लॅन तीन दिवसांत संपतो आहे, तुमच्या फायली धोक्यात येऊ शकतात", असा तिचा आशय होता. खाली एक मोठे निळे बटण होते, त्यावर लिहिले होते `Continue`. कोपऱ्यात फिकट राखाडी रंगाची फुली होती. मी निळे बटण दाबले. मला पुढे डाउनलोडच्या पानावर जायचे होते, आणि ते पान उघडलेही. त्या शब्दाचा अर्थ 'प्लॅन चालू ठेवा' असाही होतो, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आले नाही. यायचे काही कारणही नव्हते. बटणाखाली रक्कम लिहिलेली नव्हती, पासवर्ड मागितला नाही, 'तुमची वर्गणी पुन्हा सुरू झाली' असा ईमेल आला नाही.

तिसऱ्या दिवशी पैसे गेले.

18 मार्चला मी कंपनीला पहिली तक्रार केली. उत्तर आले ते साच्यातले: नूतनीकरणाच्या वेळी प्लॅन सक्रिय होता, वार्षिक वर्गणी परत केली जात नाही. मी रद्द केल्याचा ईमेल जोडला. त्यावर उत्तर आले की तुम्ही नंतर प्लॅन पुन्हा सुरू केला आहे. मी असे काही केलेलेच नाही, हे सांगून उपयोग होईना. तेव्हा मी माझ्या खात्यातल्या हालचालींची पूर्ण नोंद मागितली. 'प्लॅन सक्रिय होता' एवढे ऐकून गप्प बसू नये, नोंद मागावी, हे मी इतर वाचकांना आवर्जून सांगेन. नोंद 9 एप्रिलला आली. त्यात `plan_resumed` अशी एक ओळ होती. तिच्यावरची वेळ यूटीसीमध्ये होती. ती आपल्या घड्याळाच्या वेळेत लावून पाहिली आणि माझ्या संगणकावरच्या झिप फायलींच्या वेळेशी ताडली, तेव्हा उलगडा झाला. ज्या मिनिटाला ती ओळ पडली, त्यानंतर दोनच मिनिटांनी त्या दिवसाची पहिली झिप फाइल उतरायला लागली होती. वर्गणी पुन्हा सुरू करणारी बाई पुढच्याच क्षणी आपला सगळा साठा बाहेर काढायला कशाला बसेल?

कंपनीला पाठवलेल्या ताज्या तक्रारीतला मुख्य भाग इथे देते. अशा प्रसंगात सापडलेल्या कुणाला तो नमुना म्हणूनही उपयोगी पडेल.

"मी 2 मार्चला प्लॅन रद्द केला. आपला पुष्टीचा ईमेल सोबत जोडला आहे. 14 मार्चला आपण दाखवलेल्या चौकटीतल्या बटणाने तो पुन्हा सुरू झाला, असे आपल्या नोंदीवरून दिसते. त्या बटणावर रक्कम, मुदत किंवा वसुलीची तारीख यांचा उल्लेख नव्हता, आणि पुन्हा सुरू झाल्याची सूचना आपण मला पाठवलेली नाही. 17 मार्चनंतर मी एकही फाइल चढवलेली नाही, हे आपल्याच नोंदीत दिसते. म्हणून मी या वसुलीला संमती दिलेली नाही, असे माझे म्हणणे आहे. संपूर्ण रक्कम मूळ कार्डावर परत करावी. खात्यात जमा म्हणून दिलेली रक्कम मला मान्य नाही. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास मी बँकेकडे वाद दाखल करीन."

खात्यात जमेचा उल्लेख मुद्दाम केला, कारण 15 एप्रिलच्या उत्तरात कंपनीने नेमके तेच देऊ केले होते. वर्षाच्या वर्गणीचा काही भाग 'क्रेडिट' म्हणून खात्यात टाकतो, तो पुढच्या नूतनीकरणात वापरा, असे. ज्या सेवेतून मी बाहेर पडते आहे, तिथेच अडकलेले पैसे मी काय करू? आणि असे क्रेडिट एकदा स्वीकारले की तक्रार मिटल्याची नोंद होते, मग बँकेत आपली बाजू लंगडी पडते.

बँकेच्या वाटेबद्दलही थोडे लिहिते, कारण तिथे लोक दोन चुका करतात. पहिली म्हणजे घाईघाईने कार्डच बंद करणे. त्याने वसुली थांबेलच असे नाही. मोठी कार्ड नेटवर्क नवीन कार्डाचा क्रमांक विक्रेत्यांना आपोआप कळवण्याची सोय चालवतात, त्यामुळे जुन्या कार्डावरची वर्गणी नव्यावर गुपचूप येऊन बसू शकते. कार्ड बदलण्यापेक्षा बँकेला 'रद्द केलेल्या नियमित वर्गणीची वसुली' असा वाद दाखल करायला सांगावे. कार्डांच्या नियमांत यासाठी वेगळा प्रकार आहे. 'हा व्यवहार मी केलाच नाही', अशी फसवणुकीची तक्रार इथे करू नये. ती खरी नसते आणि टिकतही नाही, कारण कार्ड आपणच दिलेले असते. बँक आधी विचारते की विक्रेत्याकडे पैसे मागितले होते का. म्हणून तो पत्रव्यवहार, रद्द केल्याचा ईमेल आणि तारखा हाताशी हव्यात. मुदत व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत बहुतेक प्रकारांसाठी 120 दिवसांची असते, पण बँक स्वतःची त्याहून कमी मुदत लावू शकते, तेव्हा कंपनीच्या उत्तराची वाट पाहत महिनोन्महिने बसणे परवडत नाही.

दुसरी चूक जास्त महागात पडते. बँकेत वाद दाखल झाला की काही सेवा ते खाते गोठवतात. फायली आत असतील तर त्याही अडकतात. म्हणून सगळा साठा आधी बाहेर काढावा आणि नुसत्या फायली मोजून थांबू नये, झिप उघडून पाहावी. माझ्या 170 फायलींपैकी तीन अर्धवट उतरल्या होत्या. आकार जेमतेम काही एमबीने कमी होता, त्यामुळे यादीत लक्षात आले नव्हते. त्यातल्या एकीत वडिलांच्या वहीची पाने होती. ती उघडली नसती आणि वाद आधी दाखल केला असता, तर काय झाले असते याचा विचारही नको वाटतो. म्हणूनच बँकेकडे जायला मी इतके दिवस थांबले. आता सगळे दोन वेगवेगळ्या हार्डडिस्कवर आहे.

या क्षेत्रात काम करणाऱ्यांना मला एक थेट विचारायचे आहे. प्लॅन रद्द करणाऱ्याकडून चार पडदे आणि पासवर्ड मागता, कारण चुकून रद्द होऊ नये म्हणून, असे तुम्ही सांगता. मला ते पटतेही. मग चुकून सुरू होऊ नये म्हणून एक पडदा का नाही? ज्या बटणाने वर्षभराचे पैसे जातात, त्यावर ती रक्कम आणि वसुलीची तारीख लिहायला एक ओळ पुरते. वर्गणी पुन्हा सुरू झाल्याचा ईमेल मला 14 मार्चलाच आला असता, तर मी त्याच दिवशी ती पुन्हा रद्द केली असती आणि हे पत्र लिहायची वेळ आली नसती. रद्द केल्याचा ईमेल पाठवणारी यंत्रणा तुमच्याकडे आहेच.

वाचकांपैकी कुणी सध्या असा प्लॅन रद्द करून फायली उतरवत असेल, तर त्यांनी मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी बिलिंगचे पान उघडून पाहावे. तिथे 'प्लॅन संपण्याची तारीख' लिहिलेली असेल तर ठीक. 'पुढील वसुलीची तारीख' दिसली, तर प्लॅन पुन्हा सुरू झालेला आहे. दोन्ही ओळी एकाच जागी, एकाच अक्षरात छापलेल्या असतात आणि तारीखही तीच असते, म्हणून शब्द नीट वाचावे. रद्द केल्यावर त्या पानाचे छायाचित्र घ्यावे आणि शेवटच्या दिवशी पुन्हा घ्यावे. मी पहिले घेतले होते, दुसरे घेतले नाही.

कंपनीला दिलेली पंधरा दिवसांची मुदत येत्या शुक्रवारी संपते. तिच्याकडून मला क्रेडिट नको, सवलत नको, माफीचा साच्यातला ईमेलही नको. 17 मार्चला घेतलेली रक्कम, घेतली त्याच कार्डावर, पूर्ण परत हवी आहे. तोवर आली नाही तर शनिवारी सकाळी मी बँकेत जाणार आहे. कागद तयार आहेत.

आपली विश्वासू,
एक वाचक
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)